शाडूच्या मूर्तिकाराचं वर्ष: 365 दिवसांचं नव्हे, कधी 383 तर कधी 355 दिवसांचं

2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, 2026 ची 14 सप्टेंबरला आणि 2027 ची 4 सप्टेंबरला. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने पहिल्या दोन चतुर्थींमध्ये 383 दिवसांचं अंतर पडतं, पुढच्या दोन चतुर्थींमध्ये 355 दिवसांचं. ज्या घराची जवळजवळ सगळी कमाई गणपतीत होते, त्याला एका हंगामाचे पैसे कधी 28 दिवस जास्त पुरवावे लागतात. म्हणून मिळकतीला बाराने भागून केलेला हिशेब इथे चुकतो.

पेणमधल्या चार माणसांच्या एका घरगुती कारखान्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. फूटभर उंचीच्या 400 शाडूच्या मूर्ती केल्या. माती 20,000 रुपये, रंग आणि ब्रश 28,000, बांधणी आणि वाहतूक 12,000, वीज आणि मांडवाचं प्लास्टिक 10,000, रंगकामाच्या मदतनिसांची मजुरी 40,000. एकूण भांडवल 1,10,000. वीस मूर्ती तडकून किंवा फुटून वाया गेल्या असं धरलं, तर 380 मूर्ती व्यापाऱ्याला 700 रुपयांनी जाऊन 2,66,000 रुपये येतात. हातात राहतात 1,56,000.

घरखर्च दिवसाला 600 रुपये धरला तर 355 दिवसांना 2,13,000 लागतात, म्हणजे 57,000 ची तूट. 383 दिवसांना लागतात 2,29,800 आणि तूट होते 73,800.

सर्वात महाग पैसा

तूट दिसली की हात भांडवलाकडे जातो. शेतकरी बियाणं खाऊन टाकतो तसंच हे. पुढच्या हंगामाची माती मग व्यापाऱ्याच्या उचलीवर येते आणि भाव आधीच ठरतो. 700 ची मूर्ती 600 ला द्यावी लागली, तर 380 मूर्तींवर 38,000 रुपये गेले. 1,10,000 रुपये काही महिने वापरल्याची ही किंमत जवळपास 35 टक्के पडते. म्हणून विसर्जनानंतर पहिलं काम एकच: 1,10,000 रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे आणि घरखर्चासाठी त्याला हात लावायचा नाही.

माती पैशाचं वेळापत्रक ठरवते

पीओपी साच्यात थोड्या वेळात घट्ट होतं. शाडूला सावलीत सावकाश वाळू द्यावं लागतं. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि मूर्ती तडकते. जून लागला की हवेतल्या ओलाव्याने वाळणं रेंगाळतं. तेव्हा कच्ची मूर्ती मेअखेर वाळलेली हवी. ओलसर मूर्ती हाताच्या मागच्या बाजूला गार लागते आणि रंगाने गडद दिसते. तिच्यावर रंग चढवला तर पुढे पोपडे सुटतात. मात्र न रंगवलेली मूर्ती तडकली तर माती वाया जात नाही; भिजवून पुन्हा मळता येते. वाया जाते ती मेहनत. मेअखेर मूर्ती वाळायच्या, तर माती दिवाळीनंतर लगेच घ्यावी लागते आणि मिळकत भाद्रपदात येते. मधल्या काळात पैसा मातीत अडकलेला असतो.

तूट कशी भरायची

पहिला मार्ग थेट विक्रीचा. 380 पैकी 60 मूर्ती घरच्या ग्राहकांना 1,100 रुपयांनी दिल्या, तर 24,000 जास्त येतात. बुकिंग गुढीपाडव्यापासून आगाऊ रक्कम घेऊनच करावं.

दुसरा माघी गणपतीचा. 2026 मध्ये तो 22 जानेवारीला आहे. मागणी भाद्रपदाइतकी नसते, म्हणून फक्त ऑर्डरच्या 40 मूर्ती कराव्यात. रंगकाम घरातच केलं तर मूर्तीमागे सुमारे 175 रुपये खर्च येतो आणि 700 च्या भावाने 21,000 सुटतात.

तिसरा, शाळा आणि सोसायट्यांमधल्या मूर्तिकामाच्या कार्यशाळा. प्रत्येकी 2,400 रुपयांच्या पाच घेतल्या तर 12,000 होतात. त्यांना मागणी नेमकी रंगकामाच्या धांदलीत, जुलैत येते. म्हणून घरातलं एकच माणूस त्यासाठी मोकळं ठेवावं आणि पाचाहून जास्त कार्यशाळा घेऊ नयेत.

तिन्ही मिळून 57,000 झाले. 355 दिवसांच्या वर्षाची तूट बरोबर भरली. 383 दिवसांच्या वर्षाला आणखी 16,800 लागतात. त्यासाठी कुंभाराकडच्या भाजलेल्या पणत्या मजुरीवर रंगवता येतील. शाडू न भाजता वापरतात, त्यामुळे पणत्या घरी करायच्या तर भट्टी लागेल. तो खर्च इथे परवडत नाही. पणतीमागे 4 रुपये धरले तर 4,200 पणत्या, आणि चौघांनी रोज 300 केल्या तर 14 दिवसांचं काम. गणपती ते दिवाळी या रिकाम्या आठवड्यांत ते बसतं.

अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो आणि पंचांगात आधीच छापलेला असतो. मूर्तिकारांनी पुढच्या तीन चतुर्थींच्या तारखा आजच कारखान्याच्या भिंतीवर लिहाव्यात आणि प्रत्येक दोन तारखांमधले दिवस मोजून घरखर्च ठरवावा.