जुन्या शीतकपाटाचा खरा वीजखर्च

जुने शीतकपाट मोडीत काढण्याचा निर्णय केवळ त्याच्या वयावरून घेण्यापूर्वी, भिंतीवरील सॉकेट आणि कपाटाचा प्लग यांच्यामध्ये वीजमापक बसवून (स्टॅबिलायझर असल्यास त्याच्याही आधी, म्हणजे त्याचा खर्चही हिशेबात येतो) पूर्ण सात दिवसांची नोंद घ्यावी. पडद्यावर त्या क्षणी दिसणाऱ्या वॉटच्या आकड्यावर विसंबू नये; कारण कॉम्प्रेसर चालू असता तो दीडशेच्या आसपास असेल, थांबताच जवळजवळ शून्यावर येईल, आणि बर्फ वितळविणारा हीटर सुरू होताच काही शेकड्यांवर चढेल. ग्राह्य धरावयाचे ते एकूण युनिटच.

समजा, सप्ताहाअखेर १४ युनिट भरले, तर सालिना ७३० झाले; नव्या कपाटाच्या ऊर्जापट्टीवर २३० असल्यास तफावत ५०० युनिटांची, म्हणजे आठ रुपये दराने ४,००० रुपयांची; तेव्हा २६,००० रुपयांची खरेदी साडेसहा वर्षांनी वसूल होईल. मात्र उन्हाळ्यातील आकडा चढा आणि हिवाळ्यातील उतरता असल्याने एकाच ऋतूच्या मोजणीवरून केलेला वार्षिक हिशेब अंदाजच समजावा.

कॉम्प्रेसर क्वचितच थांबत असेल, तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर दोष रबरी पट्टीचा. ती बदलून, मागील जाळीवरची धूळ झाडून पुनश्च मोजावे. सप्ताहाचा आकडा दहाच्या खाली आला, तर तूर्त नवे शीतकपाट घेऊ नये.