गतिविषयक आलेखांवरील बहुपर्यायी प्रश्न : चढ व क्षेत्रफळ यांच्या आधारे पर्यायाची निवड

प्रस्तावना

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एकरेषीय गतीचा अभ्यास करताना स्थान-काल आणि वेग-काल हे दोन आलेख येतात. गतीची समीकरणे वापरून उदाहरणे बिनचूक सोडविणारा विद्यार्थीही, तीच गती आलेखाच्या रूपात समोर आली की चुकीचा पर्याय निवडतो, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे. अमेरिकेतील रॉबर्ट बाइकनर यांनी १९९४ मध्ये अशा प्रश्नांची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातील चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष केलेल्या चुकांवरून तयार केलेले होते. आलेखाला गतीचे चित्र समजणे आणि आलेखाची उंची, चढ व क्षेत्रफळ यांची गल्लत करणे या त्यांतील ठळक चुका होत. प्रस्तुत लेखात एकच प्रश्न तपशीलवार सोडवून, योग्य पर्याय कसा ओळखावा आणि चुकीचा पर्याय अध्यापकास काय सांगतो, याचा विचार केला आहे.

उंची, चढ आणि क्षेत्रफळ

कोणत्याही आलेखावरून तीन गोष्टी वाचता येतात. एखाद्या क्षणी आलेखाची उंची म्हणजे त्या क्षणीची उभ्या अक्षावरील राशी. चढ म्हणजे ती राशी कालानुसार बदलण्याचा दर. आलेख आणि कालाचा अक्ष यांमधील क्षेत्रफळ म्हणजे त्या राशीचा कालानुसार झालेला संचय. स्थान-काल आलेखाची उंची स्थान दाखविते, तर त्याचा चढ वेग देतो. वेग-काल आलेखाची उंची वेग दाखविते, चढ त्वरण देतो आणि क्षेत्रफळ विस्थापन देते.

हे पाठ करण्यापेक्षा एककांवरून ताडून पाहणे अधिक खात्रीचे ठरते. वेग-काल आलेखात मीटर प्रति सेकंद या एककाला सेकंदाने गुणले की मीटर उरतात. म्हणून क्षेत्रफळ विस्थापन देते. त्याच एककाला सेकंदाने भागले की त्वरणाचे एकक मिळते. म्हणून चढ त्वरण देतो. स्थान-काल आलेखाखालील क्षेत्रफळाचे एकक मीटर गुणिले सेकंद असे येते. या प्रकरणातील कोणत्याही राशीचे ते एकक नाही, म्हणून ते क्षेत्रफळ मोजण्याचे प्रयोजन नसते.

एक उदाहरण

एक वस्तू सरळ रेषेत जात आहे. तिचा वेग-काल आलेख ही एक सरळ रेषा असून आरंभी वेग अधिक ८ मीटर प्रति सेकंद आणि ६ सेकंदांच्या शेवटी उणे ४ मीटर प्रति सेकंद आहे. आरंभी वस्तू आरंभबिंदूपाशी आहे. या गतीचा स्थान-काल आलेख कोणता, असा प्रश्न असून पुढील पर्याय दिले आहेत.

(अ) स्थान ८ मीटरपासून उणे ४ मीटरपर्यंत एका सरळ रेषेत उतरते.
(ब) वक्र शून्यापासून वर जातो, चौथ्या सेकंदास १६ मीटरवर शिखर गाठतो आणि सहाव्या सेकंदास १२ मीटरवर येतो.
(क) वक्र चौथ्या सेकंदास १६ मीटरवर क्षणभर सपाट होतो आणि पुन्हा चढून सहाव्या सेकंदास २० मीटरवर जातो.
(ड) वक्र शून्यापासून वर जातो, दुसऱ्या सेकंदास शिखर गाठतो आणि चौथ्या सेकंदास पुन्हा शून्यावर येतो.

प्रथम चढ पाहावा. सहा सेकंदांत वेगातील बदल उणे १२, म्हणून त्वरण उणे २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि ते सर्वत्र सारखे आहे. आरंभीचा ८ हा वेग दर सेकंदास २ ने कमी होत चौथ्या सेकंदास शून्य होतो. स्थान-काल आलेखाचा चढ म्हणजेच वेग. म्हणून तो वक्र चौथ्या सेकंदास सपाट झाला पाहिजे आणि त्यानंतर उतरला पाहिजे. केवळ या एका कसोटीवर तीन पर्याय बाद होतात. (अ) मध्ये चढ कोठेही शून्य होत नाही, (ड) मध्ये तो दुसऱ्याच सेकंदास शून्य होतो आणि (क) मध्ये चौथ्या सेकंदानंतर तो पुन्हा धन होतो.

आता क्षेत्रफळाने पडताळा घ्यावा. अक्षाच्या वरील त्रिकोणाचा पाया ४ व उंची ८, म्हणून क्षेत्रफळ १६. अक्षाखालील त्रिकोणाचा पाया २ व उंची ४, म्हणून क्षेत्रफळ ४. मात्र ते ऋण आहे. विस्थापन १६ वजा ४, म्हणजे १२ मीटर. (ब) हाच योग्य पर्याय ठरतो.

चुकीचे पर्याय काय सांगतात

(अ) निवडणाऱ्याने वेगाच्या आलेखाचा आकार तसाच उचलला. उभ्या अक्षावरील राशी बदलली आहे, हे त्याने पाहिलेच नाही. (ड) निवडणाऱ्याने वेग शून्य होणे म्हणजे वस्तू आरंभबिंदूपाशी परतणे असे मानले; वस्तुतः त्या क्षणी ती सर्वांत दूर असते. (क) निवडणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. क्षेत्रफळ मोजायचे हे त्याला कळले आहे, परंतु ऋण भागही त्याने मिळविला. त्याचे २० मीटर हे उत्तर कापलेल्या अंतराचे आहे, विस्थापनाचे नव्हे. या तिघांनाही गुण शून्यच मिळतो. पण तिघांना पुन्हा शिकवावयाची गोष्ट एक नाही. उत्तरपत्रिकेत केवळ चूक-बरोबर पाहिल्यास हा भेद हरवतो.

चिन्हाचा प्रश्न याच आलेखावर दुसऱ्या रीतीनेही विचारता येतो : कोणत्या कालावधीत वस्तूची चाल वाढत आहे? त्वरण ऋण आहे म्हणून ‘कोणत्याही नाही’ असे उत्तर अनेकदा येते. चौथ्या सेकंदानंतर मात्र वेग आणि त्वरण दोन्ही ऋण आहेत आणि आलेख अक्षापासून दूर जात आहे. म्हणून तेथे चाल वाढते.

प्रश्नरचनेतील दक्षता

चढ काढताना त्या क्षणीची उंची कालाने भागण्याची चूकही सर्रास होते. पहिल्या सेकंदास वेग ६ आहे. ६ भागिले १ हे त्वरण नव्हे, कारण रेषा आलेखाच्या मूळबिंदूतून जात नाही. हाच प्रश्न दुसऱ्या सेकंदासाठी विचारला आणि त्वरणाचे केवळ परिमाण मागितले, तर ४ भागिले २ या चुकीच्या रीतीनेही २ हेच उत्तर येते. चूक करणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात आणि चूक झाकलेली राहते. म्हणून प्रश्नासाठी क्षण निवडताना चुकीच्या रीतीने येणारे उत्तरही आधी काढून पाहणे आवश्यक आहे.

दुसरी मर्यादा आरंभस्थानाची. वेग-काल आलेखावरून विस्थापन कळते, स्थान कळत नाही. वरील प्रश्नात आरंभस्थान दिले नसते, तर (ब) मधील वक्र ५ मीटर वर सरकवून काढलेला आलेखही तितकाच बरोबर ठरला असता.

निष्कर्ष

उभ्या अक्षावर कोणती राशी आहे आणि विचारलेली राशी तिची उंची, चढ की क्षेत्रफळ, हे आधी ठरविले तर बहुतेक पर्याय आकडेमोडीपूर्वीच गळतात. उरलेल्या पर्यायांत चिन्ह निर्णायक ठरते. प्रत्येक चुकीचा पर्याय एका निश्चित चुकीतून रचला असेल, तर विद्यार्थ्याने केलेली निवडच त्याची अडचण कोठे आहे ते अध्यापकास दाखवून देते.