‘मायसेल्फ सचिन’मध्ये चुकतं कुठे?

मुलाखतीत समोरून ठरलेला प्रश्न येतो, ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ.’ उत्तरही जवळजवळ ठरलेलंच, ‘सर, मायसेल्फ सचिन पाटील, फ्रॉम सातारा.’

प्रश्नातलं ‘युअरसेल्फ’ बरोबर आणि उत्तरातलं ‘मायसेल्फ’ चूक, हे कसं? प्रश्नाचं वाक्य आज्ञार्थी आहे. त्यात ‘यू’ उच्चारलेला नसला तरी सांगणारा तूच आणि सांगायचं तेही तुझ्याबद्दलच. कर्ता असा फिरून त्याच वाक्यात आला की इंग्रजी ‘सेल्फ’वालं सर्वनाम वापरते. मायसेल्फला आधी ‘आय’ लागतो. सचिनच्या वाक्यात तो नाही आणि क्रियापदही नाही. मराठीत ‘मी सचिन पाटील’ एवढ्यावर भागतं, इंग्रजीत भागत नाही. क्रियापद घालून बघा. ‘मायसेल्फ अ‍ॅम’ म्हणायचं की ‘मायसेल्फ इज’? दोन्हीकडे जीभ अडखळते. ‘आय अ‍ॅम सचिन पाटील’ म्हटलं की प्रश्नच मिटतो.

शाळेत ‘मायसेल्फ’ या मथळ्याखाली दहा ओळी पाठ करून घेतात, त्याचाही हा परिणाम असावा. खरं तर त्या निबंधाची पहिली ओळ ‘माय नेम इज’ अशीच असते. आपल्या लक्षात राहतो तो मथळा!

ऑफिसच्या मेलमधलं ‘मायसेल्फ अँड माय कलीग विल अटेंड’ हे प्रकरण मात्र वेगळं आहे. ही चूक इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या घरातलीही आहे. तिथे मुलांनी कर्त्याच्या जागी ‘मी’ (त्यांचा मी, म्हणजे आपला ‘मला’) वापरला की मोठी माणसं टोकतात. मग मोठेपणीही ‘आय’ की ‘मी’ ही धाकधूक राहते आणि माणूस मायसेल्फच्या आडोशाला जातो. शिवाय ते जरा भारदस्तही वाटतं.

इथे सहकाऱ्याला क्षणभर वाक्याबाहेर काढायचं. ‘मायसेल्फ विल अटेंड’ कानाला खटकतं, ‘आय विल अटेंड’ खटकत नाही. मग सहकाऱ्याला परत आत घ्यायचं, तेही शिष्टाचार म्हणून आपल्या आधी : ‘माय कलीग अँड आय विल अटेंड.’ ‘प्लीज कॉन्टॅक्ट माय कलीग ऑर मायसेल्फ’ या वाक्यालाही हीच कसोटी लावा. सहकारी काढला की उरतं ‘प्लीज कॉन्टॅक्ट मी’, म्हणून तिथे ‘आय’ नाही, ‘मी’च हवा.

कुणी म्हणेल, फिट्झजेराल्डने 1859 साली उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद केला, त्यातल्या एका प्रसिद्ध रुबाईत मायसेल्फ चक्क कर्ता आहे. आहे खरा. जुन्या इंग्रजी काव्यात ते चालून जायचं, आजच्या कामकाजी इंग्रजीत ते चूकच धरतात. स्वतःवर जोर द्यायचाच असेल तर ‘आय मायसेल्फ विल अटेंड’ लिहा. त्यात ‘आय’ जागेवर असतो, म्हणून ते शुद्ध आहे.