मावशींचा सीबीसी आणि पाच ठळक आकडे

सांगलीच्या ५८ वर्षांच्या मावशींनी आपल्या सीबीसीच्या कागदाचा फोटो पुण्यातल्या भाचीला पाठवला आणि लगेच फोन लावला. "अगं, पाच आकडे ठळक आलेत. प्लेटलेट जास्त आहेत, लिम्फोसाइट कमी आहेत. कॅन्सर-बिन्सर नाही ना?" भाची पॅथॉलॉजिस्ट. तिने आधी दुसरा फोटो मागितला.

कारण पहिल्या फोटोत उजवी कड कापली गेली होती आणि एकक व सामान्य मर्यादा तिथेच छापलेल्या असतात. प्लेटलेट काही लॅब लाखांत लिहितात, काही हजारांत. १.६ लाख आणि १६० हजार हा एकच आकडा आहे. पण एकक दिसत नसेल तर डेंग्यूच्या दिवसांत नुसत्या '१६०'ने घर हादरून जातं. कागदाच्या घडीत दशांशचिन्ह गेलं तरी तेच. म्हणून पूर्ण पान सपाट ठेवून काढलेला फोटो हवा आणि वाचण्याआधी त्यावरचं नाव, वय, तारीख पाहायला हवी.

ठळक अक्षराचं इतकं भय बाळगायचं कारण नाही. मर्यादेबाहेरचा आकडा बहुतेक वेळा संगणकच ठळक करतो, त्यामागे निदान नसतं. या मर्यादा साधारणपणे १०० निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ जणांचे आकडे घेऊन ठरवतात. म्हणजे धडधाकट असूनही पाच जण बाहेर राहणारच.

मावशींचं लिम्फोसाइटचं प्रमाण १८ टक्के होतं, खालची मर्यादा २०. भाचीने त्याच कागदावरून हिशेब करून दाखवला. एकूण पांढऱ्या पेशी ८,०००, त्यांचे १८ टक्के म्हणजे १,४४०. हजाराच्या वर, तेव्हा पुरेशा आहेत. टक्केवारीत दुसरी पेशी थोडी वाढली की ही आपोआप कमी दिसते. एक ठळक आकडा असा गळाला.

उरलेले चार मात्र एकत्र वाचायचे होते. हिमोग्लोबिन ९.४, बायकांमध्ये ते किमान १२ असावं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ७० होतं. ते ८० ते १०० असतं. आरडीडब्ल्यू वाढलेला, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही लहान, काही त्याहून लहान. "मावशी, तुझ्या रक्तात लोह कमी पडलेलं दिसतंय," भाची म्हणाली. "लोह नसलं की पेशीत हिमोग्लोबिन नीट भरत नाही, मग पेशी लहान राहते. जिना चढताना दम लागतो म्हणतेस ना, तो बहुधा यामुळेच." आणि प्लेटलेट ४.८ लाख? लोह कमी असताना त्या किंचित वाढलेल्या दिसणं नेहमीचं आहे. लोह भरून आलं की बहुतेकदा त्याही खाली येतात. ज्या आकड्याने मावशींची झोप उडवली होती, तो बहुधा हिमोग्लोबिनच्याच मागून आलेला होता.

इथे फोन ठेवता आला असता. पुष्कळ घरांत इथेच थांबतात. गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणा, झालं. पण मावशींची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. या वयात लोह कमी झालं तर ते जातंय कुठे, हा प्रश्न विचारावाच लागतो. अनेकदा पोटातून किंवा आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असतं आणि डोळ्यांना ते दिसत नाही. मावशी गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या. त्या गोळीने जठरात जखम होऊ शकते. मूळव्याध, क्वचित आतड्याची गाठ, हीही कारणं असतात आणि सीबीसी त्यांतलं एकही सांगू शकत नाही.

कॅन्सरच्या प्रश्नाला म्हणून भाचीने सरळ 'नाही' म्हटलं नाही. "या आकड्यांत तसं काही दिसत नाही, पण लोह का कमी झालं ते शोधायचंच आहे," असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, शौचाला डांबरासारखी काळी होते का? लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर या प्रश्नाचं उत्तर घोटाळ्यात टाकतं. मावशी 'नाही' म्हणाल्या. तशी झाली, बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे भाचीने काकांनाही फोनवर घेऊन सांगितलं.

आठवड्याच्या आत फिजिशियनला भेटायचं ठरलं. जाताना कागदाची मूळ प्रत आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्यायची. ते बहुधा फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासतील आणि गरज वाटल्यास दुर्बिणीची तपासणी सुचवतील. औषध सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तेव्हा हिमोग्लोबिन निदान एका अंकाने चढलेलं असावं. नसेल, तर गोळी नीट घेतली जात नाही, अंगी लागत नाही किंवा रक्त अजून जातंय.