सरासरी ३.७, पण पाणी कुणाला मिळत नाही?

मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांक जाहीर केला. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत बंगळूरु पहिलं आलं, पुणे दुसरं. सुरत पाचव्या क्रमांकावर ६१.७३ गुणांनी आणि लगेच मागे नवी मुंबई ६१.६० गुणांनी. दोघांत अंतर ०.१३ गुणांचं. सुरतेत या पाचव्या नंबरचं कौतुक झालं, आणि ते होणं स्वाभाविकच होतं. पण या गुणांतले तीस टक्के कुठून आले हे पाहायला हवं. पाणीपुरवठा, शाळा, दवाखाने, रोजगार वगैरेंच्या नोंदींवरून सत्तर टक्के गुण ठरले आणि उरलेले तीस टक्के नागरिकांच्या मतांवरून. त्यासाठी १६ जानेवारी ते २० मार्च २०२० या काळात १११ शहरांतल्या ३२ लाखांहून जास्त लोकांची मतं ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही पद्धतींनी घेतली गेली.

लोकांची मतं विचारायलाच हवीत. पाइपलाइन किती किलोमीटर टाकली हे पालिकेच्या दप्तरात असतं, पण नळाला पाणी येतं का हे त्या घरातली बाईच सांगू शकते. अडचण पुढे येते. लाखो माणसांची मतं एका आकड्यात घालायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी सरासरीकडे जातो. सहमत-असहमत छापाच्या प्रश्नांना ही सवय सगळ्यांत जास्त महाग पडते. वरच्या निर्देशांकाची आतली आकडेमोड इथे तपासायची नाही. प्रभाग समितीपासून कॉलेजच्या प्रकल्पापर्यंत आपल्याकडे रोज होणाऱ्या सर्वेक्षणांत हेच घडतं, म्हणून बोलायचं आहे ते त्याबद्दल.

प्रश्नाचा साचा ओळखीचा आहे. 'आमच्या भागात पिण्याचं पाणी वेळेवर आणि पुरेसं येतं' असं विधान वाचून दाखवायचं आणि पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत यांपैकी एकावर खूण करायची. मग संगणकात भरताना पूर्ण असहमतला १, असहमतला २ असं करत पूर्ण सहमतला ५. इथपर्यंत काही बिघडत नाही, कारण १ ते ५ ही नुसती नावं आहेत. बिघडतं ते त्यांची बेरीज करताना. वर्गात पहिला, दुसरा आणि तिसरा नंबर आला, एवढ्यावरून पहिल्या-दुसऱ्यात जेवढे मार्क कमी-जास्त तेवढेच दुसऱ्या-तिसऱ्यात, असं कुणी म्हणत नाही. इथेही तसंच आहे. 'असहमत'पासून 'पूर्ण असहमत' किती दूर आणि 'सहमत'पासून 'पूर्ण सहमत' किती दूर, हे उत्तर देणाऱ्याने आपल्याला सांगितलेलं नसतं. सरासरी काढताना दोन्ही अंतरं सारखी आहेत असं आपणच धरून चालतो.

हे धरून चालणं कुठे अंगाशी येतं, ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी रचलेले आहेत, कुठल्या वस्तीचे मोजलेले नाहीत. दोन वस्त्या घ्या, प्रत्येकीतल्या शंभर घरांची उत्तरं. पहिलीत पूर्ण असहमत कुणीच नाही, असहमत १०, तटस्थ २०, सहमत ७०, पूर्ण सहमत कुणीच नाही. दुसरीत पूर्ण असहमत १५, असहमत १०, तटस्थ ५, सहमत ३०, पूर्ण सहमत ४०. सरासरी काढली की पहिलीला ३.६० आणि दुसरीला ३.७० येतात. अहवालात दुसरी वस्ती वर, पहिली खाली. पालिकेने जास्त लक्ष कुठे द्यायचं? आकडा पाहिला तर पहिल्या वस्तीकडे.

आता एकच बदल करा. 'पूर्ण असहमत' म्हणणाऱ्याकडे पाणी जवळजवळ येतच नाही, म्हणून त्याला १ ऐवजी ० द्या. क्रम तोच राहिला, फक्त तळाच्या पायरीचं अंतर वाढलं. पहिली वस्ती ३.६० वरच राहते, कारण तिथे त्या पायरीवर कुणी नाही. दुसरी ३.५५ वर येते. क्रमांक उलटला. घरं तीच, उत्तरं तीच. कोण पुढे आणि कोण मागे, हे लोकांच्या उत्तरांनी ठरलं नाही, कारकुनाने कुठला आकडा टाकला त्याने ठरलं. दोन शहरांत ०.१३ चं अंतर असेल तेव्हा हे आठवायला हवं.

अशी उलटापालट कधी होऊ शकते हे आधीच ओळखता येतं. तळापासून वर जात प्रत्येक पायरीपर्यंतचे लोक मोजत जायचे. पहिल्या वस्तीत 'असहमत'पर्यंत १० जण, दुसरीत २५. इथे दुसरी वस्ती वाईट. 'तटस्थ'पर्यंत दोन्हीकडे ३०. पण 'सहमत'पर्यंत पहिलीत १०० आणि दुसरीत ६०, म्हणजे वरच्या टोकाला दुसरी चांगली. दोन वस्त्यांची तुलना अशी मधूनच पलटी खात असेल, तर सरासरीने दिलेला क्रम तुम्ही निवडलेल्या आकड्यांवर उभा आहे. एखादी वस्ती प्रत्येक पायरीवर सरस असेल, तर मात्र चढत्या क्रमाने आकडे कसेही द्या, क्रम बदलत नाही. तिथे सरासरीवरून लावलेला क्रम खुशाल धरावा.

दुसरा प्रकार याहून गंभीर. एका वस्तीत ५, २०, ५०, २०, ५ अशी उत्तरं आली, म्हणजे निम्मे तटस्थ आणि बाकीचे दोन्हीकडे थोडेथोडे. दुसरीत ४०, ८, ४, ८, ४० अशी. दोन्हींची सरासरी नेमकी ३.००. पहिली वस्ती मध्यम, काठावरची आहे. दुसरीत मात्र दोन वस्त्या लपलेल्या आहेत. मुख्य जलवाहिनीजवळच्या गल्लीत पाणी जोरात येतं आणि शेवटच्या टोकाला कोरड, असं चित्र त्यात असू शकतं. पहिलीकडे कदाचित पुरवठ्याची वेळ नीट करून भागेल. दुसरीत पाइप कुठे तुंबलाय, दाब कुठे संपतोय, हे गल्लीगल्लीत जाऊन शोधावं लागेल. सरासरीऐवजी मध्यक काढा असं पुस्तकांत सांगितलेलं असतं. क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर म्हणजे मध्यक, आणि क्रमवार उत्तरांसाठी तो अधिक प्रामाणिक आहे हे खरं. पण इथे तोही फसतो. दोन्ही वस्त्यांचा मध्यक 'तटस्थ' येतो, आणि दुसरीत तर तटस्थ म्हणणारी माणसं शंभरात चारच आहेत.

आकड्याच्या आधीही काही गोष्टी बिनसलेल्या असतात. सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, यंत्रमागांवर आणि साड्यांच्या कामावर त्यांचे दिवस जातात. अशा एका घराच्या दारात सर्वेक्षक उभा राहून विधान वाचतो. ताई म्हणतात, ''येतं ना भाऊ, पण सकाळी तासभरच, आणि वरच्या मजल्यावर चढत नाही.'' सर्वेक्षक 'सहमत'वर खूण करतो, कारण वाक्याची सुरुवात होकाराने झाली. पाणी वेळेवर येतं का आणि पुरेसं येतं का, या दोन प्रश्नांना एकच खूण मिळाली आणि ती चुकीची मिळाली. शिवाय दारात आलेल्या माणसाला, त्यातून तो पालिकेकडून आलाय असं वाटलं तर, लोक सहसा होच म्हणतात. म्हणून काही विधानं उलट्या अर्थाची ठेवायची, 'पाण्यासाठी आम्हाला टँकरची वाट पाहावी लागते' अशी. दोन्ही विधानांना होकार देणारी माणसं बरीच निघाली, तर तो होकार पाण्याबद्दलचा नाही हे कळतं. तटस्थचंही तसंच आहे. ज्याच्याकडे नळजोडणीच नाही, त्याने मधल्या चौकोनात खूण केली तर त्याला ३ गुण देऊन सरासरीत घालणं चूक. 'लागू नाही' आणि 'सांगता येत नाही' हे चौकोन वेगळे हवेत आणि मोजायचेही वेगळे.

सरासरी सरसकट टाकाऊ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते त्या रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती मांडली तेव्हा एका विधानाचा प्रश्नच नव्हता. एकाच वृत्तीबद्दल बरीच विधानं द्यायची आणि प्रत्येक माणसाच्या उत्तरांची बेरीज करायची, अशी ती कल्पना होती. आकडे ठरवायची एक किचकट रीत त्यांनी साध्या १ ते ५ शी ताडून पाहिली, आणि बेरजेच्या बाबतीत दोन्हींचे निकाल जवळजवळ सारखेच आले. पुष्कळ विधानं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तर एखाद्या पायरीचं असमान अंतर बेरजेत बरंचसं विरून जातं. ती विधानं खरोखर एकमेकांशी जुळतात का, हे तपासून अहवालात लिहावं लागतं. एका सुट्या विधानाची सरासरी काढून तिला लिकर्ट यांचा आधार देता येत नाही.

मग लिहायचं काय? सगळ्यांत आधी पाचही उत्तरांचे टक्के, आणि ते किती जणांतून काढले ती संख्या. पाच आकडे अहवालात कधीच जास्त होत नाहीत. चित्र हवं असेल तर आडवी पट्टी काढावी, असहमतीचे दोन तुकडे मध्यरेषेच्या डावीकडे, सहमतीचे उजवीकडे, आणि तटस्थ बाजूला वेगळा. तो मध्यरेषेवर अर्धा-अर्धा ठेवला तर दोन्ही बाजू उगाच फुगतात. बातमीला एखादा आकडा हवाच असेल, तर सहमत किती आणि असहमत किती हे दोन्ही द्यावेत. वरच्या पहिल्या उदाहरणात दोन्ही वस्त्यांत सहमत ७० टक्केच आहेत. फक्त 'सत्तर टक्के समाधानी' छापलं तर दोघी सारख्या दिसतील. असहमत मात्र एकीकडे १० आणि दुसरीकडे २५ आहेत.

आणि त्या १० व २५ मधला फरक योगायोगाचा तर नाही ना? घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली असतील, तर शंभर-शंभरच्या नमुन्यात या १५ टक्क्यांच्या फरकाला साधारण १० टक्के अधिक-उणे धरावे लागतात. म्हणजे खरा फरक ५ ते २५ च्या दरम्यान असावा. शून्य त्यात येत नाही, तेव्हा फरक आहे असं म्हणता येतं, पण तो १५ च आहे असं म्हणता येत नाही. आपणहून मोबाइलवर उत्तरं भरणाऱ्यांवर हा हिशेब चालत नाही. ज्यांना तक्रार आहे किंवा ज्यांना कुणी भरायला सांगितलंय तेच जास्त करून तिथे येतात, आणि संख्या लाखांत गेली तरी हा दोष तसाच राहतो.

पहिल्या उदाहरणातल्या दुसऱ्या वस्तीबद्दल निवडीची पद्धत सांगून एवढं लिहिलं तर पुरे: 'शंभर घरांपैकी ७० घरांना पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळतं असं वाटतं. २५ घरांना तसं वाटत नाही आणि त्यातली १५ घरं पूर्ण असहमत आहेत. त्या १५ घरांपैकी किती वरच्या मजल्यांवर आणि किती वाहिनीच्या टोकाला आहेत, हे सोबतच्या नकाशात दाखवलं आहे.' प्रभागाच्या पाणीपुरवठा अभियंत्याला सकाळी कुठल्या गल्लीत माणूस पाठवायचा, हे यातून ठरवता येतं.