‘योग्य तो बंदोबस्त मिळावा’

गावोगावच्या यात्रा समित्या पोलीस ठाण्याला जे पत्र देतात, त्यातलं मुख्य वाक्य सगळीकडे सारखंच असतं: ‘सदर कार्यक्रमास मोठ्या संख्येने भाविक उपस्थित राहणार असल्याने योग्य तो बंदोबस्त मिळावा, ही नम्र विनंती.’ ‘मोठ्या संख्येने’ म्हणजे किती, ते किती वाजता येणार आणि कुठे उभे राहणार, यातलं काहीच त्यात नसतं. मग ठाण्यातले साहेब मागच्या वर्षीची फाईल काढतात आणि तेवढीच माणसं पुन्हा लावतात.

समितीला आकडा विचारला, तर ती दिवसभराचा सांगते. ‘वीस हजार लोक येतात हो आपल्या यात्रेला.’ अभिमान ठीक आहे, पण पहाटे ५ ते मध्यरात्रीपर्यंत विखुरलेले वीस हजार लोक आणि रात्री एका गल्लीत दाटलेले तीन हजार लोक, यांत धोका दुसऱ्या गर्दीत जास्त. पत्रात हवा असतो तो एका वेळी जागेवर असणाऱ्यांचा आकडा.

एक हिशोब करून बघू. समजा, वीस हजारांपैकी सहा हजार जण छबिन्याच्या ओढीने संध्याकाळी ७ ते ९ या दोन तासांतच येतात. गाभाऱ्यातून मिनिटाला वीस जण दर्शन घेऊन बाहेर पडतात, म्हणजे तासाला बाराशे आणि दोन तासांत चोवीसशे. उरलेले छत्तीसशे ९ वाजता देवळाबाहेर उभे असणार. देवळाकडे जाणारी गल्ली शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद धरली, तर जागा झाली चारशे चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये चार जण उभे राहिले तरी बऱ्यापैकी दाटी होते, आणि त्या मापाने गल्लीत सोळाशेच मावतात. तरीही सगळे छत्तीसशे आत घुसले, तर एका चौरस मीटरवर नऊ माणसं येतात. अशा गर्दीत माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, लोंढा नेईल तिकडे जातो. त्यातच ९ वाजता त्याच गल्लीतून पालखी बाहेर काढायची असते!

हा हिशोब पत्रात असेल तर बंदोबस्ताची जागाच बदलते. एरवी पोलीस देवळाच्या दारात उभे केले जातात. आता ते गल्लीच्या तोंडाशी, बाहेरच्या मैदानात उभे राहतील, लोकांना बॅरिकेडमध्ये थांबवून टप्प्याटप्प्याने आत सोडतील आणि परतीची वाट वेगळी ठेवतील. पालखी दुसऱ्या वाटेने न्यायची की छबिना उशिरा काढायचा, हेही मानकऱ्यांशी आधीच बोलता येतं. (मानकरी वेळ बदलायला सहसा तयार नसतात, म्हणूनच ही बोलणी यात्रेच्या आदल्या दिवशी करू नयेत.)

आकडा कमी दाखवण्याचा मोहही असतो, कारण मोठा आकडा लिहिला की परवानगीत अडचणी येतात. उत्तर प्रदेशात हाथरसजवळ २ जुलै २०२४ रोजी झालेल्या सत्संगाला ८० हजारांची परवानगी होती. पोलिसांच्या फिर्यादीनुसार लोक आले अडीच लाखांच्या वर, आणि चेंगराचेंगरीत १२१ जण गेले. उलट अंदाज काढायला फार अवघड साधनं लागत नाहीत. मागच्या वर्षी महाप्रसादाला किती पत्रावळ्या संपल्या, एसटीच्या जादा गाड्या किती आल्या, वाहनतळावर किती पावत्या फाटल्या, एवढं पाहिलं तरी पुरतं. यंदा यात्रा रविवारी येत असेल, तर आकडा वाढवून धरावा.

आकड्याइतकीच जागेची माहिती महत्त्वाची. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी जवळपास ३०० भाविकांचा जीव गेला. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकानं असलेली अरुंद वाट, यांनी घात केला. म्हणून पत्रासोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा. त्यात उतार, पायऱ्या, विहीर, दुकानांच्या रांगा, नारळ फोडण्याची जागा आणि रुग्णवाहिकेची वाट दाखवावी. वेळापत्रकही तासवार द्यावं. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, हे धरूनच.

पत्र निदान महिनाभर आधी द्यावं. एका ठाण्याच्या हद्दीत अनेक गावं असतात आणि एकाच पौर्णिमेला दोन-तीन ठिकाणी यात्रा भरते. ठाण्याची माणसं अपुरी पडली, तर वरून कुमक आणि होमगार्ड मागवावे लागतात, त्याला वेळ लागतो. प्रती तहसीलदार, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, महावितरण आणि एसटी आगाराला द्याव्यात. स्वयंसेवकांची नावं, मोबाईल क्रमांक आणि कोण कुठे उभा राहणार, ही यादी सोबत हवीच. आवक शिक्क्याची पोच घेऊन ठेवा, आणि नंतर अंदाज वाढला तर फोनवर सांगून थांबू नका; नव्या आकड्याचं पुरवणी पत्र द्या.