सूचनेतला नेमका तपशील

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कधी एखादी सूचना, कधी वेळापत्रक, तर कधी जाहिरात छापलेली असते. खाली लहान लहान प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्न एकच गोष्ट विचारतो : तारीख, वेळ, जागा, फी किंवा एखादी अट. असा उतारा धड्यासारखा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचण्याची गरज नसते. मरोळ नाक्यावर बसची वाट पाहणारा माणूस समोर येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी पूर्ण वाचत बसत नाही. त्याला हवा असलेला आकडा दिसला, की तो पुढे होतो. पण चढण्यापूर्वी ती बस आपल्याला हव्या त्या बाजूला जाते का, हे मात्र तो पाहून घेतो. आपल्यालाही या दोन्ही गोष्टी करायच्या आहेत.

आधी प्रश्न वाचा, मग सूचना. प्रश्नातला प्रश्नार्थक शब्द उत्तर कोणत्या जातीचे आहे ते सांगतो. ‘कधी’ म्हणजे उर्दूतले ‘कब’, ‘कोठे’ म्हणजे ‘कहाँ’, ‘किती’ म्हणजे ‘कितना’. ‘कधीपासून’ म्हणजे ‘कब से’ आणि ‘कधीपर्यंत’ म्हणजे ‘कब तक’. घोटाळा होतो तो ‘का’ या शब्दाने. उर्दूत ‘का’ मालकी दाखवतो, जसे ‘अहमद का घर’. मराठीत ते काम ‘चा, ची, चे’ करतात. मराठीतला ‘का’ वाक्याच्या अगदी शेवटी आला, तर उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असते. ‘गाडी थांबेल का?’ हा असाच प्रश्न. तोच ‘का’ वाक्याच्या मध्ये आला, तर त्याचा अर्थ ‘क्यों’ होतो : ‘गाडी का थांबणार नाही?’ येथे कारण द्यावे लागते.

प्रश्न कळला, की सूचनेवरून एकदा भरभर नजर फिरवा. मथळा कोणता आहे, सूचना कोणी काढली आहे, कोणासाठी आहे, एवढेच पाहा. याला ओझरते वाचन म्हणतात. त्यानंतर हवा तो तपशील शोधत खाली या. हे शोधक वाचन. वेळ विचारली असेल तर डोळ्यांनी फक्त आकडे टिपायचे, जागा विचारली असेल तर फक्त ठिकाणांची नावे.

आकडे टिपताना तुम्हां उर्दू माध्यमाच्या मुलांना थोडे जास्त सावध राहावे लागते, कारण तुम्हांला तीन प्रकारचे आकडे येतात. मराठीतला १ पाहा. डोक्यावर गोल आणि खाली शेपूट. घाईत तो इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि उर्दू नऊसारखाही. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो, तर पाच गोलसर आणि मिटलेला असतो. मराठीत मात्र गोल म्हणजे शून्य. म्हणजे उर्दूच्या सवयीने भरभर वाचणारा मुलगा ‘१०’ हे चक्क पंच्याण्णव वाचू शकतो! मराठीतला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, पण त्याचे वरचे टोक उघडे असते. ८ ची मात्र भीती नाही, तो उर्दू आठाच्या जवळचाच आहे. उत्तर लिहिण्यापूर्वी १, ४ आणि ० हे तीन आकडे पुन्हा एकदा पाहून घ्या.

दुसरी सवय दिशेची. उर्दूत आपण उजवीकडून सुरुवात करतो, म्हणून तक्त्यातही नजर आधी उजवीकडे जाते. मराठी तक्त्यात नावांचा रकाना डावीकडे असतो. डावीकडे आपले नाव शोधा आणि त्याच ओळीवर बोट ठेवून उजवीकडे सरका. बोट उचलले, की नजर वरच्या किंवा खालच्या ओळीवर घसरते.

आता एक सूचना वाचू. रेल्वे रविवारसाठी अशा सूचना काढते. ही त्याच धर्तीवर तयार केलेली नमुन्याची सूचना आहे.

‘रविवार, दिनांक १७ रोजी देखभालीच्या कामासाठी मध्य रेल्वेच्या माटुंगा ते मुलुंड या स्थानकांदरम्यान डाउन धीम्या मार्गावर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ या वेळेत मेगाब्लॉक घेण्यात येईल. या वेळेत डाउन धीम्या गाड्या डाउन जलद मार्गावर वळवण्यात येतील. या गाड्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड या स्थानकांवर थांबतील. मुलुंडनंतर त्या पुन्हा धीम्या मार्गावर धावतील.’

पहिला प्रश्न : मेगाब्लॉक कोणत्या दिवशी आहे? हा सोपा आहे. ‘रविवार’ हा शब्द पहिल्याच ओळीत सापडतो. दुसरा प्रश्न : मेगाब्लॉक किती वाजता संपेल? सूचनेत दोन वेळा दिल्या आहेत. ‘ते’ या शब्दाच्या आधी आरंभ असतो आणि नंतर शेवट. म्हणून उत्तर ‘दुपारी ३.५५ वाजता’. तिसरा प्रश्न : मेगाब्लॉक किती वेळ चालेल? येथे सूचनेतला कोणताही आकडा जसाच्या तसा उतरवून चालत नाही. वजाबाकी करावी लागते आणि उत्तर येते ४ तास ५० मिनिटे. ‘किती वाजता’ आणि ‘किती वेळ’ यांतला हा फरक परीक्षक मुद्दाम ठेवतात.

चौथा प्रश्न खरा कसोटीचा आहे. मरोळची शबाना त्या रविवारी दुपारी कांजूरमार्गला आपल्या खालाकडे जायला निघाली आहे. मरोळ नाक्याहून ती २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपरला आली. दुपारी १ वाजता घाटकोपरला तिला मिळणारी धीमी लोकल कांजूरमार्गला थांबेल का?

‘कांजूरमार्ग’ हा शब्द सूचनेत शोधा. तो कोठेच नाही. काही मुले येथे ‘सूचनेत माहिती दिलेली नाही’ असे लिहून मोकळी होतात. पण माहिती आहे, ती टप्प्याटप्प्याने काढायची आहे. पहिला टप्पा दिशेचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी लोकल ‘अप’ आणि तेथून दूर जाणारी ‘डाउन’. घाटकोपरहून कांजूरमार्ग हा प्रवास दूर जाण्याचा, म्हणजे डाउन. सूचनाही डाउन मार्गाचीच आहे. दुसरा टप्पा वेळेचा. दुपारी १ ही वेळ ११.०५ आणि ३.५५ यांच्या मधली आहे. तिसरा टप्पा थांब्यांचा. घाटकोपरनंतर स्थानके येतात ती विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड या क्रमाने. सूचनेतल्या यादीत विक्रोळीनंतर एकदम भांडुप आहे. यादीत नाव नसणे, हेच येथे उत्तर आहे. म्हणून लिहायचे : ‘नाही, दुपारी १ वाजता धीमी लोकल कांजूरमार्गला थांबणार नाही.’

शबानाने मग काय करावे? मेगाब्लॉक फक्त डाउन मार्गावर आहे. तिने भांडुपला उतरावे आणि अप धीम्या लोकलने एक स्थानक मागे यावे. प्रश्नात हे विचारलेले नसेल तर उत्तरात लिहू नका. खऱ्या प्रवासात मात्र हेच उपयोगी पडते.

वेळापत्रकात आणखी एक फसवी जागा असते. लांबच्या गाड्यांच्या वेळा २४ तासांच्या घड्याळाने छापतात. १५.४० म्हणजे दुपारचे ३.४०, येथवर ठीक. पण समजा, गाडी ‘सोमवार, ००.२०’ वाजता सुटणार आहे. रात्री १२ वाजता वार आणि तारीख दोन्ही बदलतात. तेव्हा ही गाडी पकडायला रविवारी रात्रीच स्थानकावर पोहोचले पाहिजे. सोमवारी रात्री गेलेल्या माणसाची गाडी एक दिवस आधीच निघून गेलेली असते. ‘उद्या’ आणि ‘काल’ यांचेही असेच. उर्दूत दोन्हींसाठी ‘कल’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस आणि ‘उद्या’ म्हणजे येणारा. फलकावर ‘परीक्षा उद्या’ असे असेल, तर त्याखाली सूचना लावल्याची तारीखही शोधा, नाहीतर उद्या म्हणजे नेमका कोणता दिवस ते कळणार नाही.

जाहिरातीत शब्द तोडून तोडून लिहिलेले असतात, पण तुमच्या ओळखीचे शब्द तेथे पुष्कळ भेटतात. तारीख, अर्ज, मुदत, अखेर, हजर हे सगळे तुमच्या घरचेच. फक्त ‘सही’ला फसू नका. मराठीत सही म्हणजे दस्तखत. ‘अर्जावर पालकांची सही हवी’ याचा अर्थ अर्ज बरोबर भरावा असा नाही.

खालील नमुन्याची जाहिरात वाचा.

‘पाहिजेत : मरोळ येथील तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई कारागीर. अनुभव किमान २ वर्षे. कामाची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६. भेटण्याची वेळ दुपारी ४ ते ५, शुक्रवारखेरीज. येताना दोन फोटो आणावेत. अर्ज स्वीकारण्याची मुदत : ३० तारखेपर्यंत.’

‘कारागिरांनी किती वाजता भेटावे?’ या प्रश्नाला बरीच मुले ‘सकाळी ९ ते सायंकाळी ६’ असे उत्तर देतात, कारण नजरेला पहिली वेळ तीच सापडते. आकडा सापडला, की त्याच्या डावीकडचे दोन-तीन शब्द वाचा. ‘कामाची’ की ‘भेटण्याची’, हे तेथेच लिहिलेले आहे. मग आकड्याच्या उजवीकडेही पाहा, कारण अट बहुधा तेथे बसलेली असते. ‘खेरीज’, ‘सोडून’, ‘वगळून’ या तिन्ही शब्दांचा अर्थ ‘के सिवा’ असा आहे. ‘किमान’ म्हणजे ‘कम से कम’ आणि ‘कमाल’ म्हणजे ‘ज़्यादा से ज़्यादा’. उर्दूतल्या कमालशी त्याची गल्लत करू नका. ‘३० तारखेपर्यंत’ म्हणजे ३० तारीख धरून, तर ‘३० तारखेपूर्वी’ म्हणजे शेवटचा दिवस २९.

उत्तर लिहिताना प्रश्नातला प्रत्यय उत्तरातही आणावा. ‘कधीपर्यंत?’ ला ‘३० तारीख’ हे अपुरे आहे, ‘३० तारखेपर्यंत’ हे पुरे. ‘कोणाकडे?’ ला ‘मुख्याध्यापक’ नव्हे, ‘मुख्याध्यापकांकडे’. तपशील बरोबर शोधूनही गुण कापले जातात ते पुष्कळदा येथेच.

स्वाध्याय

१. दीड वर्ष शिलाईचे काम केलेला कारागीर वरील जागेसाठी अर्ज करू शकेल का? कोणत्या शब्दावरून कळले?
२. भेटायला कोणत्या दिवशी जाता येणार नाही?
३. मेगाब्लॉकच्या त्याच रविवारी दुपारी ४.३० वाजता घाटकोपरहून सुटणारी डाउन धीमी लोकल नाहूरला थांबेल का? सूचनेतल्या कोणत्या आकड्यावरून ठरवले?
४. त्याच रविवारी दुपारी २ वाजता मुलुंडहून विद्याविहारला येणाऱ्या प्रवाशाला ही सूचना लागू पडते का? का?